रबरी हात आपला केव्हा वाटतो, आणि केव्हा वाटत नाही

महाविद्यालयांच्या विज्ञान प्रदर्शनांत रबरी हाताचा खेळ आता नवा राहिलेला नाही. टेबलावर एक रबरी हात ठेवलेला असतो, शेजारी पुठ्ठ्याचा आडपडदा आणि पडद्यामागे सहभागी विद्यार्थ्याचा खरा हात. दोन्ही हातांवरून दोन कुंचले एकाच वेळी फिरू लागतात. मिनिट-दोन मिनिटांनी कोणीतरी अचानक रबरी हातावर हातोडी मारतो, विद्यार्थी दचकून आपला हात मागे ओढतो, भोवतालची मंडळी हसतात आणि निष्कर्ष जाहीर होतो : मेंदूला फसवणे किती सोपे!

हा निष्कर्ष घाईचा आहे. एक तर दचकण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कुंचले अजिबात न फिरवता शेजारी हातोडी आदळली, तरी बहुतेक माणसे दचकतीलच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गेल्या पाव शतकात या प्रयोगाची जी बारकाईने तपासणी झाली, तिचा कौल जवळजवळ उलटा पडतो. मेंदू रबरी हात स्वीकारतो तो काही ठरावीक अटी पुऱ्या झाल्यावरच, आणि त्यांतली एखादी अट मोडली की तो सहसा नकार देतो. या प्रयोगातले ज्ञान त्या नकारांत आहे. हातोडीच्या खेळात नेमके तेच गाळले जातात.

मूळ प्रयोग मॅथ्यू बॉट्विनिक आणि जोनाथन कोहेन या अमेरिकी संशोधकांचा. १९९८ साली ‘नेचर’मध्ये तो अवघ्या एका पानात प्रसिद्ध झाला. दहा सहभागी होते. प्रत्येकाचा डावा हात टेबलावर ठेवून उभ्या पडद्याने झाकला होता आणि नजरेसमोर खऱ्या हाताच्या आकाराचा रबरी डावा हात होता. सहभागी रबरी हाताकडे एकटक पाहत असताना संशोधक दोन लहान कुंचले घेऊन दोन्ही हातांवरून, शक्य तितके एकाच वेळी, दहा मिनिटे फिरवत राहिले. त्यानंतर सहभागींना अनुभव आपल्या शब्दांत लिहायला सांगितले आणि नऊ विधानांची प्रश्नावली दिली. कुंचल्याचा स्पर्श रबरी हातावर दिसतो त्याच जागी जाणवत होता आणि तो हात आपलाच वाटत होता, अशा अर्थाच्या विधानांना सहभागींनी होकार दिला. दहांपैकी आठ जणांनी तर कोणी न सुचवता आपल्या वर्णनात मालकीची भाषा वापरली.

पुढच्या टप्प्यात सहभागींनी डोळे मिटून उजव्या हाताची तर्जनी टेबलाखालच्या एका सरळ कडेवरून सरकवायची आणि डाव्या हाताची तर्जनी जिथे आहे असे वाटते तिच्या बरोबर खाली थांबवायची, असे काम होते. कुंचल्यांच्या अनुभवानंतर हे बोट खऱ्या जागेपासून रबरी हाताच्या दिशेला सरकून थांबू लागले. ज्यांना आभास अधिक काळ टिकल्यासारखा वाटला, त्यांचे सरकणेही अधिक होते. अशा रीतीने एका खासगी अनुभवाला पट्टीने मोजता येणारी खूण मिळाली. या सरकण्याला पुढे स्थितीचे विचलन म्हटले जाऊ लागले.

मात्र या सर्वांला प्रयोगाचा दर्जा दिला तो तुलनेच्या गटाने. या गटातही तोच रबरी हात होता, तेच कुंचले होते, तोच पडदा होता. फरक एवढाच की दोन कुंचल्यांच्या वेळा जुळत नव्हत्या, एक थोडा आधी तर दुसरा थोडा नंतर फिरत होता. आभास तिथे बराच क्षीण झाला. नुसते रबरी हाताकडे पाहून, किंवा नुसता कुंचला जाणवून, हात आपला होत नाही. दिसलेला स्पर्श आणि जाणवलेला स्पर्श यांच्या वेळा जुळाव्या लागतात.

किती जुळाव्या लागतात, हेही मोजले गेले आहे. जपानमधील सोतारो शिमादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दिसणारा स्पर्श हळूहळू उशिरा दाखवत नेला. विलंब सुमारे ३०० मिलिसेकंदांपर्यंत होता तोवर आभास ठळक राहिला आणि त्यापुढे तो ओसरू लागला. पापणीची एक उघडझापही साधारण याच कालमर्यादेत होते. देहाची मालकी ठरवताना मेंदू वेळेचा एवढा काटेकोर हिशेब ठेवतो.

दुसरी अट आकाराची आणि ठेवणीची. मानोस त्साकिरिस आणि पॅट्रिक हॅगार्ड यांनी २००५ मध्ये रबरी हाताच्या जागी लाकडी काठी ठेवली, तर कधी हात काटकोनात फिरवून ठेवला. खऱ्या देहाच्या संदर्भात अशक्य अशा त्या ठेवणीत, वेळा जुळूनही, अपेक्षित विचलन दिसले नाही. तिसरी अट अंतराची. डॉना लॉइड यांनी २००७ मध्ये रबरी हात खऱ्या हातापासून दूर दूर नेला, तेव्हा साधारण ३० सेंटिमीटरच्या पुढे आभास झपाट्याने कमी झाला. म्हणजे हातासारखी दिसणारी वस्तू, हात जिथे असू शकतो अशा जागी, हात जसा असू शकतो अशा ठेवणीत असावी आणि स्पर्शाच्या वेळा जुळाव्यात. एवढे सगळे जमून आले तरच मालकीचा होकार मिळतो.

या अटींमागचा तर्क एका साध्या हिशेबाने उलगडतो. मेंदूसमोर दोन शक्यता असतात. एक, जे दिसते आहे आणि जे जाणवते आहे त्यांचे कारण एकच आहे, म्हणजे दिसणारा हातच आपला हात आहे. दोन, ही दोन वेगळ्या घटनांची सरमिसळ आहे. समजा कुंचला सरासरी दर दोन सेकंदांनी, पण अनियमितपणे फिरतो आणि स्पर्शाच्या आगेमागे ३०० मिलिसेकंदांच्या आत दिसलेली हालचाल मेंदू ‘जुळलेली’ मानतो. दोन सेकंदांत अशी जुळणीची खिडकी ०·६ सेकंदांची होते. दोन कुंचल्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसता, तर एखादा स्पर्श निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता साधारण ०·३ ठरते. एक जुळणी योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण ओळीने पाच स्पर्श योगायोगाने जुळण्याची शक्यता ०·३ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ४०० मध्ये एक. ओळीने दहा जुळण्याची शक्यता दहा लाखांत सुमारे सहा. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण त्यांतून पुरावा किती झपाट्याने साचतो हे दिसते. हेन्रिक एर्सन आणि सहकाऱ्यांच्या २००४ मधील प्रयोगात आभास सुरू व्हायला सरासरी ११ सेकंदांच्या आसपास वेळ लागला होता. वरच्या हिशेबातला कुंचला तेवढ्या वेळात पाच-सहा वेळा फिरतो. त्याच अभ्यासात मेंदूच्या प्रतिमांवरून असेही आढळले, की वेळ आणि ठेवण दोन्ही जुळल्यावर प्रेरक क्षेत्राच्या लगतच्या पूर्वप्रेरक बाह्यकाची सक्रियता वाढते आणि आभासाच्या तीव्रतेशी तिचे नाते असते.

या साचत जाणाऱ्या पुराव्याच्या विरोधात एक साक्षीदार मात्र सतत उभा असतो, तो म्हणजे खऱ्या हाताचे स्नायू आणि सांधे. डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे हे माणसाला कळते, ते या अवयवस्थितीच्या संवेदनेमुळे. ही संवेदना सांगत असते, की हात १५ सेंटिमीटर बाजूला आहे. दृष्टी सांगते, की तो समोर आहे. दोघांच्या म्हणण्यात तडजोड कशी होते?

पुन्हा एक कल्पित, पण वास्तवापासून फार दूर नसलेले उदाहरण घेऊ. हाताची जागा सांगण्यात दृष्टीची अनिश्चितता १ सेंटिमीटर आणि अवयवस्थितीच्या संवेदनेची ३ सेंटिमीटर मानली, तर दोन्ही साक्षींची उत्तम सरासरी काढताना त्यांना अनिश्चिततेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन मिळते. म्हणजे दृष्टीला ९ आणि स्नायू-सांध्यांना १. रबरी हात आपलाच आहे असे मेंदूने पुरते मान्य केले असते, तर हाताची जाणवणारी जागा १५ पैकी १३·५ सेंटिमीटर रबरी हाताकडे सरकायला हवी होती. प्रयोगांत मात्र विचलन सहसा काही सेंटिमीटरच भरते. ही तफावत बोलकी आहे. मेंदूने एकाच कारणाची शक्यता, समजा, २० टक्केच धरली आणि त्या प्रमाणात तडजोड केली, तर विचलन १३·५ चा पाचवा हिस्सा, म्हणजे २·७ सेंटिमीटर येते. हे प्रत्यक्ष मापांच्या टप्प्यात बसते. हातोडीच्या खेळात ‘फसलेला’ म्हणून ज्याची थट्टा होते, तो मेंदू स्नायूंची साक्ष फेटाळत नाही. तो दोन्ही शक्यता शेवटपर्यंत जिवंत ठेवतो.

असा हिशेब मागाहून कोणत्याही निकालाला चिकटवता येतो, असा आक्षेप रास्त आहे. म्हणून एखाद्या सिद्धान्ताने आधीच केलेल्या आणि सहजासहजी न सुचणाऱ्या भाकिताला वेगळे मोल असते. डोळ्यांची साक्ष मुद्दाम अंधूक केली तर काय होईल? सामान्य बुद्धीला वाटेल, की रबरी हात नीट दिसेनासा झाल्यावर आभास कमी होईल. हिशेब उलटे सांगतो. दृश्य अस्पष्ट झाले की वेळेतली लहानशी चूक पकडणे मेंदूला अवघड जाते, मग विसंगती तितकी खुपत नाही आणि एकच कारण असल्याची शक्यता वाढते. मारी शॅन्सेल, एर्सन आणि वेइ जी मा यांनी २०२२ मध्ये ‘ई-लाइफ’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच कसोटी घेतली. स्पर्शाच्या वेळांत अर्ध्या सेकंदापर्यंतचे लहान-मोठे फरक ठेवून सहभागींना दर वेळी हात आपला वाटला की नाही, एवढेच विचारले गेले. दृश्यात गोंगाट मिसळल्यावर, वेळेतला फरक तेवढाच असूनही, ‘आपला वाटला’ हे उत्तर अधिक वेळा आले. या साऱ्या संशोधनातला सर्वांत भक्कम पुरावा कोणता असे विचारले, तर हातोडीच्या कोणत्याही चित्रफितीआधी या निकालाचे नाव घ्यायला हवे.

भारतीय वाचकांना या विषयात ओळखीचे नाव भेटते ते विलयानूर रामचंद्रन यांचे. तमिळनाडूत जन्मलेले आणि चेन्नईच्या स्टॅन्ले वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले रामचंद्रन पुढे सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. तुटलेल्या अवयवाची वेदना आरशाच्या साह्याने हलकी करण्याच्या त्यांच्या कल्पनेमुळे ते जगभर ओळखले जातात. कॅरी आर्मेल यांच्यासह २००३ मध्ये त्यांनी रबरी हाताच्या प्रयोगाला एक वेगळे वळण दिले. त्यांनी त्वचेची विद्युतवाहकता मोजली. भीती वाटली की तळहाताला सूक्ष्म घाम येतो आणि ही वाहकता वाढते. माणूस तोंडाने काय सांगतो यावर ती अवलंबून नसते. वेळा जुळवून स्पर्श केल्यानंतर रबरी हाताला ‘इजा’ केली, तेव्हा खऱ्या हाताला काहीही न होता वाहकतेने उसळी घेतली. इथपर्यंत सारे अपेक्षेप्रमाणे होते. पण संशोधकांनी पुढे रबरी हातच काढून टाकला आणि झाकलेल्या हाताबरोबर टेबलाच्या पृष्ठभागावर स्पर्श केला. काहींना तो स्पर्श टेबलातून येत असल्यासारखा वाटला आणि टेबलाला ‘इजा’ झाल्यावरही वाहकता वाढली.

हा निकाल लाकडी काठीच्या निकालाशी सरळ भांडतो. एकीकडे काठीला नकार आणि दुसरीकडे टेबलाला होकार, हे कसे? रामचंद्रन यांच्या मते वेळांचा सांख्यिकीय मेळ पुरेसा प्रबळ असेल, तर मेंदू आकाराच्या ज्ञानावरही मात करू शकतो. पुढच्या बहुतेक संशोधनाचा कल मात्र आकार आणि ठेवण यांना महत्त्व देण्याकडे राहिला आहे. वरच्या हिशेबात दोन्ही बाजूंना जागा आहे. टेबल आपला अवयव असण्याची मूळ शक्यता अगदी कमी असली तरी ती शून्य नसेल, तर पुरेशा योगायोगांनंतर थोडीबहुत ओढ निर्माण होईल. परंतु याच अभ्यासातला तुलनेचा भाग विसरता कामा नये. खरा हात नजरेसमोर उघडा ठेवला किंवा स्पर्शाच्या वेळा बिघडवल्या, की आभास आणि वाहकता दोन्ही खाली आले. नुसती सवय किंवा नुसते दचकणे एवढेच कारण असते, तर खरा हात दिसल्याने एवढा फरक पडायला नको होता.

आता या विषयातल्या दोन अडचणींकडे वळायला हवे. प्रदर्शनांत त्यांचा उल्लेखही होत नाही.

पहिली अडचण मापाची. बरीच वर्षे स्थितीचे विचलन हे मालकीच्या जाणिवेचे वस्तुनिष्ठ माप समजले जाई. मारिके रोडे, मासिमिलियानो डी लुका आणि मार्क अर्न्स्ट यांनी २०११ मध्ये दाखवले, की या दोन गोष्टी हातात हात घालून चालत नाहीत. कुंचला अजिबात न फिरवता नुसते रबरी हाताकडे पाहत राहिले, तरी हाताची जाणवणारी जागा सरकते. हात आपला मात्र वाटत नाही. अर्थात दृष्टी स्नायूंच्या साक्षीला आपल्याकडे ओढते, त्यासाठी मालकीचा निवाडा होण्याची गरज नसते. हात कुठे आहे आणि हात कोणाचा आहे, हे दोन प्रश्न मेंदू वेगवेगळे हाताळतो. म्हणूनच वरच्या २० टक्क्यांच्या उदाहरणाला ‘मालकी २० टक्के’ असे वाचणे चुकीचे ठरेल. तो आकडा फक्त जागेच्या तडजोडीविषयी बोलतो. आणखी एक ‘वस्तुनिष्ठ’ खूण अशीच डळमळीत ठरली. आभासाच्या वेळी खरा हात किंचित थंड पडतो, असा दावा २००८ मध्ये झाला. मेंदू जुन्या हाताला जणू वाऱ्यावर सोडतो, असे आकर्षक चित्र त्यातून उभे राहिले. २०१७ मध्ये पुनःपुन्हा केलेल्या प्रयोगांत मात्र ही घट सातत्याने दिसली नाही. लोकप्रिय लेखांत ती आजही निःशंकपणे सांगितली जाते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे, सूचनेच्या प्रभावाची. पीटर लश आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ३५३ सहभागींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सूचना दिल्यावर तसा अनुभव स्वतःत निर्माण करण्याची क्षमता ज्यांच्यात अधिक, त्यांनी रबरी हाताचा आभासही अधिक तीव्र असल्याचे सांगितले. लश यांनी वेगळ्या अभ्यासात असेही दाखवले, की प्रयोग प्रत्यक्ष न करता नुसते त्याचे वर्णन वाचलेली माणसेही कोणत्या स्थितीत कोणता अनुभव अपेक्षित आहे याचा अचूक अंदाज बांधतात. मग प्रश्नावलीतला होकार हा इंद्रियांच्या मेळाचा परिणाम समजायचा, की अपेक्षेचा?

एर्सन, त्साकिरिस आणि इतरांनी २०२२ मध्ये याच आकड्यांची फेरमांडणी करून उत्तर दिले. सूचनाक्षम माणसे सर्वच विधानांना वरचे गुण देतात, वेळा न जुळणाऱ्या स्थितीत आणि आभासाशी संबंध नसलेल्या विधानांनाही. जुळलेल्या स्थितीतून न जुळलेली वजा केली, की उरलेल्या फरकाचा सूचनाक्षमतेशी असलेला संबंध नाहीसा होतो. दोन्ही पक्षांचे म्हणणे एकत्र ठेवले, तर एक शहाणपणाची भूमिका हाती लागते. केवळ प्रश्नावलीच्या जोरावर, तुलनेची स्थिती न घेता, केलेला कोणताही दावा लश यांच्या आक्षेपापुढे टिकत नाही. पण काही मिलिसेकंदांच्या फरकाने पायरीपायरीने बदलणारी उत्तरे, आणि दृश्य अंधूक केल्यावर वाढणारी मालकी, यांचा अंदाज सहभागीला आधीपासून येत असेल असे मानणे कठीण आहे. सूचनेचा वाटा नाकारता येत नाही, आणि तिच्यावर सारा भार टाकताही येत नाही.

म्हणून महाविद्यालयात हा प्रयोग करायचाच असेल, तर तो खेळ न ठेवता प्रयोग म्हणून करावा. त्यासाठी लागणारे साहित्य शे-दोनशे रुपयांत जमते. कापूस भरलेला रबरी हातमोजा, दोन सारखे कुंचले, पुठ्ठ्याचा पडदा, घड्याळ आणि एक पट्टी पुरते. खोटा हात खऱ्या हातापासून १५ सेंटिमीटरच्या आसपास, त्याच दिशेने बोटे ठेवून मांडावा. मनगटापासून खांद्यापर्यंतचा भाग एका कापडाने झाकावा, म्हणजे हात तुटक दिसणार नाही. दोन्हीकडे त्याच बोटावर, त्याच दिशेने कुंचला फिरवावा आणि ताल मुद्दाम अनियमित ठेवावा. एकसुरी तालात पुढचा स्पर्श केव्हा येणार हे आधीच कळते, मग वेळा जुळण्यातले आश्चर्य आणि पुराव्याचे वजन दोन्ही घटतात. प्रत्येक सहभागीला दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या द्याव्यात, एक वेळा जुळवून आणि एक अर्ध्या सेकंदाहून अधिक फरक ठेवून. निम्म्या जणांना पहिली फेरी आधी द्यावी, निम्म्यांना दुसरी.

प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर टेबलाखालून बोट सरकवून जागा मोजावी आणि दोन मापांतली वजाबाकी नोंदवावी. प्रश्नावलीत आभासाच्या विधानांबरोबर काही फसवी विधानेही असावीत. आपल्याला दोनहून अधिक हात असल्यासारखे वाटले, किंवा खरा हात रबराचा होऊ लागला, अशा प्रकारची. प्रश्न विचारणाऱ्याला आत्ता कोणती फेरी झाली हे ठाऊक नसावे, आणि सहभागीने प्रयोगाची चित्रफीत आधी पाहिलेली नसावी. निकाल वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात. फसव्या विधानांनाही भरघोस गुण मिळाले असतील, तर सूचनेचा प्रभाव आहे. दोन्ही फेऱ्यांत विचलन सारखेच असेल, तर ती नुसत्या पाहण्याची ओढ असू शकते. आणि जुळलेल्या फेरीत फक्त आभासाची विधाने वर गेली असतील, तर आणि तरच रबरी हात काही काळ आपला झाला असे म्हणावे. काही सहभागींना आभास मुळीच होणार नाही. त्यांचे आकडे वगळू नयेत, कारण मूळ प्रयोगातल्या दहांतही उरलेले दोघे होतेच. हातोडीची गरज या सगळ्यात कुठेच पडत नाही.

एवढी काळजी घेण्याचे कारण प्रयोगशाळेबाहेर आहे. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात आघात झालेले काही रुग्ण आपल्याच डाव्या हाताकडे पाहून तो दुसऱ्या कोणाचा तरी असल्याचे ठामपणे सांगतात. हात जागेवर असतो, दिसतही असतो, पण मालकीचा निवाडा मोडलेला असतो. दुसऱ्या टोकाला हात गमावलेली माणसे आहेत. एर्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अशा १८ जणांबरोबर काम केले. थोट्या भागावर स्पर्श करताना त्याच वेळी समोरच्या रबरी हाताच्या बोटाला स्पर्श होताना दाखवला, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांना तो हात आपला वाटू लागला आणि स्पर्श त्याच्या बोटावर जाणवला. कृत्रिम हात हुबेहूब दिसणे त्यासाठी पुरेसे नव्हते. दिसणाऱ्या बोटाला लागलेला स्पर्श त्याच क्षणी देहात कुठेतरी जाणवावा लागला. कृत्रिम अवयव घडवणाऱ्याला यातून एक ठोस अपेक्षा मिळते. बोटाला वस्तू टेकल्यापासून देहाला तिची खबर पोचेपर्यंतचा वेळ एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत राखायला हवा. खबर त्याहून उशिरा आली, तर हात कितीही सुबक असला तरी मेंदू त्याला दुसऱ्याची वस्तू मानण्याचा धोका वाढतो.

रबरी हाताच्या खेळातून गर्दीने घरी न्यायचे ते हेच. स्वतःचा हात स्वतःचा वाटणे ही जन्मजात मिळालेली आणि कायमची नोंद नव्हे. डोळे, त्वचा, स्नायू यांच्या साक्षी क्षणोक्षणी पडताळून मेंदू तो निवाडा पुन्हा पुन्हा देत असतो. तो बहुतेक वेळा इतका बरोबर ठरतो, की तो दिला जातो आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. दोन कुंचल्यांनी ते ध्यानात आणून दिले, आणि तेही वेळा मुद्दाम बिघडवलेल्या दुसऱ्या फेरीमुळे.